पगारातून कापलेले 1,800 आणि दीडशे चिंचोके : वर्गात पेन्शन शिकवताना

वाचकाचं पत्र :

‘मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील एमआयडीसीत आहेत, काहींची शेती आहे, काहींचे रिक्षा चालवतात. मागे एका तासाला मी सांगितलं की पेन्शन म्हणजे म्हातारपणासाठी सरकारकडे ठेवलेली बचत, तर एक मुलगा म्हणाला, “मग बाबांचे महिन्याला 1,800 कापून घेण्यापेक्षा तेच बँकेत टाकले तर काय बिघडतं? निदान हवे तेव्हा काढता तरी येतील.” मला धड उत्तर देता आलं नाही. आता पुढच्या महिन्यात पूर्ण तास घ्यायचाय. आणि ज्यांच्या घरी पेन्शनच नाही त्या मुलांसमोर हा विषय कसा काढू?’
– एक शिक्षिका

मॅडम,

तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझ्याकडून शाबासकी द्या. पेन्शनला एकदा बचत म्हटलं की पुढचा प्रश्न तोच येणार, बचतच करायची तर बँक काय वाईट. गडबड त्याच्या प्रश्नात नाहीये, आधीच्या वाक्यात आहे. ते वाक्य आपण सगळेच बोलतो, मीसुद्धा कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं कामगारांना हेच सांगायचो.

आधी त्या 1,800 चं बघू, कारण तिथेच एक गैरसमज आहे आणि तो मुलांच्याच नाही तर त्यांच्या बाबांच्याही डोक्यात असतो. समजा बेसिक आणि डीए मिळून पगार 15,000. त्याचे 12 टक्के म्हणजे 1,800 पगारातून कापले जातात. हे सगळेच्या सगळे प्रॉव्हिडंट फंडात जातात. त्यातला एक रुपयाही पेन्शनमध्ये जात नाही. तो पैसा बाबांच्या नावावर असतो, त्यावर दरवर्षी व्याज लागतं, घर, आजारपण, लग्न अशा कारणांसाठी त्यातून काढताही येतो. म्हणजे तो मुलगा ज्याला पेन्शन समजतोय ती खरं तर बचतच आहे!

मग पेन्शन कुठून येते? तर कंपनीही तेवढेच 1,800 भरते. पगाराच्या स्लिपवर हे बऱ्याचदा दिसत नाहीत म्हणून घरी कुणाला माहीत नसतात. त्या कंपनीच्या 1,800 मधले 8.33 टक्क्यांचे 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 550 परत पीएफमध्येच जातात. शिवाय केंद्र सरकार 1.16 टक्के म्हणजे 174 रुपये पेन्शनमध्ये घालतं. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झाली म्हणून तिला लोक ईपीएस-95 म्हणतात. 15,000 ची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची आहे, पगार त्याहून जास्त असला तरी पेन्शनसाठी साधारणपणे 15,000 च धरतात. (मर्यादा बदलली तर फळ्यावरचे आकडे बदला, बाकी गणित तेच राहतं.) आणि ज्यांना 2014 नंतर पहिलीच नोकरी 15,000 पेक्षा जास्त बेसिकवर लागली ते या योजनेत नसतातच, त्यामुळे एखादा मुलगा घरून येऊन म्हणाला की आमच्या पासबुकात पेन्शनचा रकाना रिकामा आहे, तर घाबरू नका.

म्हणून ‘आईबाबा पेन्शन का भरतात’ याचं खरं उत्तर या मुलांच्या बाबतीत असं आहे की आईबाबा बचत भरतात आणि त्यांच्या कामापोटी कंपनी पेन्शन भरते. दोन वेगळी मडकी आहेत आणि दोन्ही एकाच पासबुकात शेजारी शेजारी दिसतात. शिकवायला याच्याइतकं सोयीचं काहीच नाही. फक्त मुलांना घरून स्लिप आणायला सांगू नका, कुणाचा पगार किती हे वर्गात उघडं पडायला नको. फळ्यावर खोटं नाव टाकून एक पासबुक काढा, रकाने तीन : कामगाराचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शन.

आणि मग एकच गोष्ट शोधायला सांगा, व्याज कुठे पडलंय? पहिल्या दोन रकान्यांत पडतं, तिसऱ्यात पडत नाही. माझ्याकडे वर्षातून पाच-सहा जण तरी पासबुकाची प्रिंट घेऊन यायचे, बोटाने तो तिसरा रकाना दाखवायचे आणि म्हणायचे, साहेब इथं व्याज टाकायचं राहिलंय, अर्ज करू का. राहिलेलं नसतं. व्याज पडत नाही कारण तिथे त्यांच्या नावाचा ढीग साठतच नाही. ते पैसे सगळ्यांच्या एकत्र मडक्यात गेलेले असतात आणि बदल्यात त्यांच्या नावावर नोकरीची वर्षं मोजली जातात, बास. पीएफमध्ये रुपये साठतात, पेन्शनमध्ये वर्षं साठतात. मुलांना हे एक वाक्य लिहून घ्यायला सांगा.

आता एकत्र मडकं कशासाठी, हे शब्दांनी सांगत बसलात तर दहाव्या मिनिटाला मागच्या बाकांवर गप्पा सुरू होतील. त्यापेक्षा दीडशे चिंचोके घेऊन जा. मी हे गावाकडे भाच्याच्या वर्गात एकदा केलंय आणि चाळीस मिनिटांत झालं, म्हणून पूर्ण सांगतो.

दहा मुलं पुढे बोलवा. प्रत्येक जण 60 वर्षांचा निवृत्त माणूस आहे, प्रत्येकाच्या हातात 15 चिंचोके, एक चिंचोका म्हणजे एका वर्षाचा घरखर्च. मग एका डब्यातून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवर लिहिलंय की हा माणूस 60 नंतर किती वर्षं जगला. चिठ्ठ्यांवरचे आकडे असे ठेवा : 2, 5, 8, 11, 13, 16, 19, 22, 25 आणि 29. ‘तुझे बाबा’ असं चुकूनही म्हणू नका हं, वर्गात एखादा तरी असतो ज्याचे वडील नाहीयेत आणि त्याच्यासाठी ही चिठ्ठी खेळ राहत नाही. सगळे काल्पनिक आजोबा-आज्जी आहेत, नावंही मुलांनाच ठेवू द्या.

पहिली फेरी बचतीची. जो 2 वर्षं जगला त्याचे 13 चिंचोके उरले. 5 वाल्याचे 10, 8 वाल्याचे 7, 11 वाल्याचे 4, 13 वाल्याचे 2 उरले. आणि 16 पासून पुढचे पाचही जण कधी ना कधी रिकाम्या हाताने उभे राहिले, 29 वाली आज्जी तर शेवटची 14 वर्षं काहीच नसताना काढते. इथे थांबा आणि मुलांना विचारा की या आज्जीने नेमकी काय चूक केली. वर्ग गप्प होतो. कारण तिने चूक काहीच केलेली नाही, तिने इतरांइतकंच साठवलं, ती फक्त जास्त जगली.

दुसरी फेरी. सगळ्यांचे चिंचोके एका भांड्यात ओता, 150. आता नियम असा की भांड्यावर कुणाचं नाव नाही, पण जो जिवंत आहे त्याला दरवर्षी एक मिळणार, मरेपर्यंत मिळणार. मुलांना चिठ्ठ्यांची बेरीज करायला सांगा, बरोब्बर 150 येते. उरलेले 36 होते आणि कमी पडलेलेही 36 च होते. कुणालाही एक चिंचोका कमी पडला नाही. आणि ही बेरीज जुळते कारण कोण किती जगणार हे माहीत नसलं तरी दहा जण मिळून सरासरी किती जगतात हे माहीत आहे. खरी योजना चालवणारे लोक लाखो माणसांवर हेच गणित मांडतात. एकट्या माणसाला स्वतःची सरासरी काढता येत नाही, म्हणून एकट्याने बचत करायची तर 95 वर्षं जगू असं धरून करावी लागते, आणि तेवढी कुणाला झेपत नाही.

तुमच्या भागात भिशी सगळ्यांना माहीत असेल, मुलं लगेच म्हणतील ही भिशीच झाली की. तिथे फरक दाखवा. भिशीत प्रत्येकाला शेवटी सारखंच मिळतं, फक्त आधी की नंतर एवढाच प्रश्न असतो. इथे ज्याला गरज जास्त वर्षं त्याला जास्त मिळतं.

मग एखादी हुशार मुलगी नक्की म्हणेल, सर/मॅडम, 2 वर्षांत गेला त्याचे 13 चिंचोके बुडाले, त्याच्या बायकोचं काय? (ती म्हणाली नाही तर तुम्ही म्हणा.) तिथे तिसरी फेरी सुरू होते. आता नियम असा करा की माणूस गेला तर नवरा किंवा बायकोला दरवर्षी अर्धा चिंचोका मिळेल. पण भांडं तर 150 चंच आहे! मग? मुलांनाच सुचतं की प्रत्येकाला वर्षाला एकापेक्षा थोडं कमी द्यावं लागेल. बस, ही फॅमिली पेन्शन. ईपीएसमध्ये पेन्शनर गेला तर जोडीदाराला साधारण निम्मी पेन्शन चालू राहते. आणि नोकरीत असतानाच माणूस गेला, अगदी थोडी वर्षं भरलेली असली, तरी पत्नीला दरमहा किमान 1,000 आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या 25 टक्के, वयाच्या 25 पर्यंत मिळतं. 38 व्या वर्षी चार वर्षांची नोकरी करून गेलेल्या माणसाच्या पेन्शनच्या रकान्यात साधारण 60,000 असतात. बचत म्हणून ते एवढेच घरच्यांना मिळाले असते. हजार रुपये आज काहीच नाहीत हे मला माहीत आहे आणि पेन्शनर लोक ती रक्कम वाढावी म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत ते योग्यच आहे असं माझं मत आहे, पण रक्कम कमी असणं वेगळं आणि ढीग संपणं वेगळं, हे दोन प्रश्न मुलांसमोर मिसळू नका.

आता त्या मुलाच्या बँकेकडे येऊ. त्याला ‘पेन्शन नेहमी फायद्याची’ असं खोटं सांगू नका, तो गणित करून तुम्हाला पकडेल आणि मग पुढचं काहीच ऐकणार नाही. फळ्यावर हिशोब मांडा. 2014 नंतर वयाच्या 38 व्या वर्षी लागलेला माणूस, 58 ला निवृत्त, पगार सगळा काळ 15,000 धरू. सूत्र सोपं आहे, पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी. 20 किंवा जास्त वर्षं झाली की 2 वर्षं बोनस मिळतात, म्हणून 22 घ्यायचे. 15,000 × 22 ÷ 70, म्हणजे महिना 4,714. कंपनीने 20 वर्षांत 1,250 प्रमाणे 3 लाख भरले.

हेच 1,250 दर महिन्याला 7 टक्क्यांनी बँकेत टाकले असते तर 58 व्या वर्षी अंदाजे साडेसहा लाख झाले असते. आता त्यातून महिन्याला तेच 4,714 काढत जा, उरलेल्यावर 7 टक्के व्याज मिळतच राहतं. पैसे किती दिवस पुरतात? सुमारे साडेतेवीस वर्षं, म्हणजे वयाच्या 81 व्या वर्षापर्यंत. म्हणजे 81 च्या आत माणूस गेला तर बँक बरी, मुलांना काहीतरी मागे राहतं. 81 च्या पुढे गेला तर बँकेचं पासबुक शून्यावर आणि पेन्शन मात्र चालूच. शिवाय बँकेच्या हिशोबात आपण असं धरलं की 20 वर्षांत त्याने एकदाही त्या पैशाला हात लावला नाही, बोअरवेलला नाही, मुलीच्या ॲडमिशनला नाही. तुमचा विद्यार्थी म्हणाला ना की हवे तेव्हा काढता येतील, तर तोच बँकेचा फायदा आहे आणि म्हातारपणाच्या पैशासाठी तोच धोका. म्हणून दोन्ही लागतं, अडीअडचणीला आणि घराला पीएफ, आणि किती जगू हे माहीत नसल्याबद्दल पेन्शन. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

हे झाल्यावर पाच मिनिटं उरली तर एक गोष्ट जरूर सांगा, कारण ही मुलं घरी जाऊन बोलतात आणि तिथे त्याचा खरा उपयोग होतो. दरमहा पेन्शन मिळायला किमान 10 वर्षं लागतात. माझ्याकडे एक सीएनसी ऑपरेटर यायचे, एका कंपनीत 4 वर्षं, दुसरीत 3, तिसरीत 6. एकूण 13. पण पहिल्या दोन्ही वेळी नोकरी सोडल्यावर पीएफ काढताना त्यांनी फॉर्म 10सी भरून पेन्शनचेही पैसे काढले होते, कुणीतरी म्हणालं होतं की साहेब तेही मिळतात, घेऊन टाका. दोन्ही वेळची रक्कम मिळून एका जुन्या मोटरसायकलचेही पैसे झाले नाहीत. पण पेन्शनचे पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात. 58 ला त्यांच्या खात्यावर 6 च वर्षं दिसली आणि महिन्याची पेन्शन बसली नाही, एकरकमी थोडे पैसे मिळाले आणि विषय संपला. ते खुर्चीत बसून बोटांवर 4, 3, 6 असं परत परत मोजत होते ते मला अजून आठवतं. त्याच 10सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, त्यात वर्षं जपली जातात, आणि नवीन नोकरी पीएफवाली असेल तर जुनं खातं ट्रान्सफर केलं की वर्षं जोडली जातात. हे त्यांना वेळेत कुणी सांगितलं नाही. ‘बाबा, नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढले होते का?’ एवढा एक प्रश्न मुलांनी घरी विचारला तरी खूप झालं.

आता शेती आणि रिक्षावाल्या घरांचं. तुम्हाला वाटतं तेवढा हा विषय नाजूक होणार नाही, जर तुम्ही सुरुवात ‘कुणाच्या घरी पेन्शन आहे, हात वर करा’ अशी केली नाहीत तर. चिंचोक्यांच्या खेळात सगळेच सारखे असतात, म्हणून तो आधी घ्या आणि पासबुक नंतर. मग सांगा की ज्यांच्यासाठी भरणारी कंपनी नाही त्यांना मडक्यात स्वतःच घालावं लागतं, आणि इथे मात्र ‘आईबाबा भरतात’ हे अक्षरशः खरं आहे. 2015 ची अटल पेन्शन योजना बँकेत किंवा पोस्टात बचत खात्यावरून सुरू होते, वय 18 ते 40, इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना आता त्यात नव्याने येता येत नाही. 60 नंतर महिना 5,000 हवे असतील तर 18 व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना 210 भरावे लागतात आणि 35 व्या वर्षी सुरू करणाऱ्याला 902. माणूस गेला की जोडीदाराला तेवढीच पेन्शन, आणि दोघंही गेले की साठलेली रक्कम वारसाला. म्हणजे यात पेन्शन आणि बचत दोन्ही थोडी थोडी आहे, हे मुलांना आता स्वतःहून ओळखता यायला हवं, विचारून बघा. हप्ता चुकू नये म्हणून खात्यात त्या तारखेला पैसे असणं महत्त्वाचं, रिक्षाच्या धंद्यात किंवा शेतीत दर महिना सारखा नसतो, तिथे तीन किंवा सहा महिन्यांचा हप्ता घेता येतो.

एक उणीव मात्र लपवू नका. ते 5,000 ठरलेले आहेत, महागाईप्रमाणे वाढत नाहीत, आणि ईपीएसची पेन्शनही तशीच. महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांत किंमत दुप्पट होते, 24 वर्षांत चौपट. म्हणजे 24 वर्षांनी हातात 5,000 असतील पण त्यांत आजच्या 1,250 एवढाच भाजीपाला येईल. सरकारी नोकरीतल्या जुन्या पेन्शनला डीए लागतो म्हणून ती वाढत राहते. तुमच्या स्टाफरूममध्येच बघा ना, 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले सर आणि नंतर लागलेल्या मॅडम यांच्यात या विषयावर किती वाद होतात, त्याचं मूळ इथेच आहे. नंतर लागलेल्यांच्या एनपीएसमध्ये 60 पर्यंत स्वतःच्या नावाचा ढीगच साठतो, त्यातल्या काही भागाची पुढे पेन्शन विकत घ्यावी लागते. तुम्ही स्वतः कोणत्या बाजूला आहात ते मुलांना सांगितलंत तर त्यांना फार आवडेल, शिक्षकांच्या पगाराबद्दल मुलांना नेहमीच उत्सुकता असते.

महागाईचा भाग त्याच तासात कोंबू नका, तो पुढच्या तासाला घ्या, आणि मधल्या दिवसांत मुलांना घरच्या आज्जीआजोबांना विचारून यायला सांगा की ते दहावीत होते तेव्हा वडापाव किंवा एक लिटर दूध कितीला मिळायचं. पहिल्या तासाला चिंचोके, पासबुक आणि त्या मुलाचा बँकेचा हिशोब एवढंच. हिशोब त्यालाच फळ्यावर करू द्या.